तीनशे साठ रुपये गेले कुठे?

एका किरकोळ दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याकडून स्टीलची भांडी उधारीवर घेतली. यादीतल्या भावाने रक्कम होत होती २०,००० रुपये. त्यातून दहा टक्के वजा करून व्यापाऱ्याने १८,००० चे बिल केले आणि खाली लिहिले, ‘मुदत ३० दिवस, १० दिवसांत रक्कम दिल्यास २ टक्के सूट.’ दुकानदाराने नवव्या दिवशीच बँकेतून १७,६४० रुपये भरले. जीएसटी इथे सोयीसाठी बाजूला ठेवू.

दुकानदाराला सूट दोनदा मिळाली. पहिली व्यापारी सूट. ती भाव ठरतानाच मिळते. पैसे केव्हा येणार याच्याशी तिचा संबंध नसतो. सौदाच १८,००० चा झाला, म्हणून व्यापारी विक्री १८,००० ची लिहितो आणि दुकानदार खरेदीही तेवढीच लिहितो. वजा झालेले २,००० बिलावर दिसतात, खात्यात कुठेच नाही.

दुसरी रोख सूट. ती वेळेआधी पैसे देण्याबद्दल मिळते, आणि तोवर १८,००० ची उधारी खात्यावर चढलेली असते. हाती आले १७,६४०, मग ३६० चे काय? व्यापारी बँक खाते १७,६४० ने व ‘दिलेली सूट’ खाते ३६० ने नावे करतो आणि ग्राहकाचे खाते पूर्ण १८,००० ने जमा करतो. दुकानदाराकडे हेच उलटे होते: व्यापाऱ्याचे खाते १८,००० ने नावे, बँक १७,६४० ने जमा आणि ‘मिळालेली सूट’ ३६० ने जमा. वर्षअखेर नफा-तोटा पत्रकात हे ३६० व्यापाऱ्याचा खर्च ठरतात, दुकानदाराचे उत्पन्न.

चूक बहुधा इथेच होते. कारकून फक्त आलेले १७,६४० जमा करतो आणि ग्राहकाच्या नावावर ३६० रुपये लोंबकळत राहतात. पुढे कोणीतरी त्यांची वसुली करायला फोन करतो आणि भांडण लागते. खातेउताऱ्यात अशी किरकोळ बाकी दिसली, की ती बिलाच्या बरोबर दोन टक्के आहे का ते ताडून पाहावे. दुसरी चूक म्हणजे दोन टक्के यादीतल्या २०,००० वर काढणे. मग सूट ४०० होते आणि ४० रुपयांचा वाद उरतो.

सूट सोडून देणेही महागात पडते. १७,६४० रुपये आणखी वीस दिवस वापरायला मिळावेत म्हणून दुकानदार ३६० मोजतो. वर्षाच्या हिशेबाने हा दर साधारण ३७ टक्के पडतो. बँकेचे कर्ज याहून स्वस्त असेल, तर ते काढून दहाव्या दिवसाच्या आत बिल चुकते करणेच फायद्याचे.