सरासरी किंमत कमी झाली, पण कशाच्या तुलनेत?

माझे काका नुकतेच निवृत्त झाले. हातात सहा लाख रुपये आले आणि ते निफ्टीच्या इंडेक्स फंडात टाकायचं त्यांनी ठरवलं. प्रश्न एवढाच होता: एकदम टाकायचे की दर महिन्याला एक लाख, असे सहा हप्त्यांत? कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, "हप्त्यांनी घ्या, अ‍ॅव्हरेज कमी पडतो." काकांनी मला फोन केला. "तू आकडेमोडीतली ना, मग सांग, हे खरं आहे का?"

खरं आहे. पण या वाक्यात एक शब्द गाळलेला आहे, आणि सगळी गंमत त्याच शब्दात आहे. कमी, पण *कशापेक्षा*?

खरे आकडे घेऊन बघू. 2020 च्या पहिल्या सहा महिन्यांत महिनाअखेरीला निफ्टी 50 साधारण असा बंद झाला: जानेवारी 11,962, फेब्रुवारी 11,202, मार्च 8,598, एप्रिल 9,860, मे 9,580, जून 10,302. सोयीसाठी निर्देशांकाचा आकडा हीच एका युनिटची किंमत धरू. लाभांश आणि खर्च बाजूला ठेवू.

काकांनी जानेवारीअखेर सुरुवात केली असती, तर पहिल्या लाखात 8.36 युनिट आले असते. मार्चमध्ये त्याच लाखात 11.63. म्हणजे हप्ता रुपयांत ठरलेला असला की स्वस्त महिन्यात आपोआप जास्त युनिट येतात आणि महाग महिन्यात कमी. त्यासाठी कसलंही भाकीत करावं लागत नाही. सहा महिन्यांत एकूण 59.20 युनिट जमले. सहा लाखांना भागा: सरासरी किंमत 10,134.

आता त्या सहा किमतींची शाळेतली साधी सरासरी काढा. ती येते 10,251. तुमची खरेदी तिच्यापेक्षा 117 ने स्वस्त झाली. हा योगायोग नाही. समान रुपयांनी घेतलं की जी सरासरी मिळते तिला गणितात हरात्मक मध्य म्हणतात, आणि किमती थोड्या जरी वेगळ्या असतील तर तो साध्या सरासरीपेक्षा कमीच येतो. बाजार चढो, पडो, नाचो. "अ‍ॅव्हरेज कमी पडतो" या म्हणण्याला आधार आहे तो हा.

पण 117 म्हणजे किती? जेमतेम एक टक्का. तेही 2020 सारख्या वर्षात! शांत वर्षात हा फरक याहून किरकोळ असतो. शिवाय हा फायदा 'दर महिन्याला सारखेच युनिट घेणाऱ्या' माणसाच्या तुलनेत आहे. काकांपुढे तो पर्याय नव्हताच. त्यांच्यापुढे पर्याय होता सगळं पहिल्या दिवशी घेण्याचा, आणि त्या माणसाची सरासरी म्हणजे पहिल्या दिवसाची किंमत. बास.

त्या तुलनेत जानेवारीत सुरू केलेल्या हप्त्यांनी भरपूर कमावलं. एकदम घेणाऱ्याला 11,962 च्या भावाने 50.16 युनिट मिळाले. जूनअखेर त्याचे सहा लाख 5.17 लाख झालेले होते, आणि हप्तेवाल्याचे 6.10 लाख.

आता तीच सुरुवात दोन महिने पुढे सरकवा. मार्चअखेर ते ऑगस्टअखेर. यातले चार महिने वरचेच आहेत. फक्त जानेवारी-फेब्रुवारी जाऊन जुलै (11,073) आणि ऑगस्ट (11,388) आले. हप्त्यांची सरासरी किती? 10,045. म्हणजे पहिल्या वेळेपेक्षा थोडी *कमीच*. साध्या सरासरीपेक्षाही 88 ने कमी, हरात्मक मध्याने आपलं काम चोख केलं. पण एकदम घेणाऱ्याने 8,598 ने घेतलं होतं! ऑगस्टअखेर त्याचे 7.95 लाख, हप्तेवाल्याचे 6.80 लाख.

इथे क्षणभर थांबा. दोन्ही वेळा हप्त्यांची सरासरी दहा हजारांच्या आसपास. एकदा त्याने वाचवलं, एकदा मागे टाकलं. म्हणजे सरासरी किमतीचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. निकाल लागला तो पहिल्या दिवसानंतर बाजार कुठे गेला यावर. आणि ते त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. फंडाच्या स्टेटमेंटवर तुमची सरासरी खरेदी किंमत छापलेली असते, पहिल्या दिवशीची किंमत त्याशेजारी नसते. म्हणून चुकल्याचं कळतही नाही.

मग आधीच न कळणाऱ्या गोष्टीबद्दल काय म्हणता येईल? लांबच्या मुदतीत शेअर बाजार वर जाण्याकडे कलतो असं तुम्ही मानत असाल (मानत नसाल तर फंडात पैसे टाकताच कशाला?), तर थांबलेला प्रत्येक रुपया सरासरीने काहीतरी गमावतो. व्हॅनगार्डने 2012 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचे जुने आकडे तपासले, तेव्हा साधारण दोन-तृतीयांश वेळा एकदम टाकणं सरस ठरलं होतं. कारण साधं आहे, चढणारे काळ पडणाऱ्या काळांपेक्षा जास्त असतात.

हप्ते कशापासून वाचवतात, तर जोखमीपासून. पण तिथेही एक मजा आहे. सहा हप्त्यांच्या मधल्या पाच महिन्यांत बाजारात किती पैसे असतात? पहिल्या महिन्यात एक-षष्ठांश, मग दोन-षष्ठांश, असं करत पाच-षष्ठांश. सरासरी बरोबर निम्मे. मग सरळ पहिल्याच दिवशी निम्मे फंडात आणि निम्मे मुदत ठेवीत टाकले तर? त्या पाच महिन्यांपुरता अपेक्षित परतावा जवळपास तोच. जोखीम मात्र वर्गाने वाढते. दर महिन्याचे चढउतार सारख्याच आकाराचे आणि एकमेकांपासून स्वतंत्र धरले, तर हप्त्यांसाठी बेरीज येते (1+4+9+16+25)/36, म्हणजे 1.53. निम्म्या-निम्म्यासाठी 5 × 1/4, म्हणजे 1.25. सगळे एकदम टाकणाऱ्यासाठी 5. हप्ते एकदम टाकण्यापेक्षा सुरक्षित आहेत, यात वाद नाही. पण तेवढ्याच परताव्यासाठी निम्मे-निम्मे आणखी सुरक्षित! हप्त्यांची पद्धत सर्वोत्तम असू शकत नाही, हे जॉर्ज कॉन्स्टँटिनाइडिस यांनी 1979 मध्येच एका छोट्या शोधनिबंधात दाखवलं होतं.

अर्थात सहाव्या हप्त्यानंतर हप्तेवाल्याचे पूर्ण सहा लाख बाजारात असतात आणि निम्मे-निम्मेवाल्याचे तीनच. म्हणून खरा प्रश्न हप्त्यांचा नसून वेगळाच आहे: शेवटी किती रक्कम बाजारात असलेली तुम्हाला झेपेल?

(पगारातून जाणारी एसआयपी या सगळ्यात मोडत नाही. तिथे पैसेच महिन्याला येतात, एकदम टाकायला असतं काय?)

हे सगळं मी काकांना कागदावर मांडून दाखवलं. ते बराच वेळ 5.17 च्या आकड्याकडे बघत राहिले. "एकदम टाकले आणि हे झालं, तर मी जूनमध्ये काढून घेईन गं," म्हणाले. हे मात्र माझ्या बेरजेत नव्हतं. घाबरून काढून घेणाऱ्याला पुढच्या दोन-तृतीयांशाचा काय उपयोग?

शेवटी तीन लाख ठेवीत गेले. उरलेले तीन त्यांनी तीन हप्त्यांत टाकायचे ठरवले. मी विरोध केला नाही, तेवढ्या रकमेवर दोन महिन्यांच्या थांबण्याची किंमत फार नाही. फक्त एक गोष्ट करायला लावली. पहिल्या हप्त्याच्या दिवशीचा निफ्टी त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, पेनाने लिहून ठेवलाय.