सर्वात रुंद रॅम्प

अ‍ॅरे म्हणजे ओळीने मांडलेल्या संख्या. त्यातली डावीकडची एक आणि उजवीकडची एक संख्या घेतली आणि उजवीकडची लहान नसेल, तर ती जोडी म्हणजे रॅम्प. दोन्ही संख्या सारख्या असल्या तरी चालतात. त्या दोघींच्या जागांमधले अंतर ही रॅम्पची रुंदी. चढ किती उंच आहे, याला इथे काहीच किंमत नाही.

उदाहरणासाठी ७, ४, ९, ४, २, ६, ८, ३, १, ३ या दहा संख्या घेऊ. जागा ० पासून मोजायच्या. प्रत्येक जोडी तपासली तर इथे ४५ जोड्यांत काम भागते. पण एक लाख संख्या असतील, तर जोड्यांची संख्या जवळजवळ ५०० कोटींवर जाते.

सुटकेची वाट एका साध्या निरीक्षणात आहे. जागा ३ वर ४ आहे, पण तिच्या डावीकडे जागा १ वरही ४ आहे. जागा ३ पासून जो रॅम्प निघेल, तो जागा १ पासूनही निघेल आणि अधिक रुंद असेल. म्हणून रॅम्पची सुरुवात होण्याचा मान फक्त डावीकडच्या सगळ्यांपेक्षा लहान असलेल्या संख्येलाच. अशा जागा स्टॅकमध्ये, म्हणजे ताटांच्या चळतीसारख्या एकावर एक, ठेवत जायच्या. इथे त्या ०, १, ४, ८ अशा येतात. त्यांवरच्या संख्या ७, ४, २, १. वरचे ताट सर्वात लहान संख्येचे.

आता ओळ उजव्या टोकाकडून वाचायची. जागा ९ वर ३ आहे. वरचा १ त्याहून मोठा नाही, म्हणून जागा ८ काढली: रुंदी १. मग जागा ४ काढली: रुंदी ५. पुढचा ४ मात्र मोठा आहे, तिथेच थांबायचे. त्याखालचा ७ तर आणखी मोठा. जागा ८ वरचा १ आणि जागा ७ वरचा ३ यांना काही काढता येत नाही. जागा ६ वर ८ येतो: जागा १ निघते, रुंदी ५; जागा ० निघते, रुंदी ६. स्टॅक रिकामा झाला. उत्तर ६.

काढलेली जागा कायमची जाते, याची धास्ती वाटणे साहजिक आहे. पण वाचन डावीकडे सरकत असल्याने तिला यापुढे मिळणारे प्रत्येक टोक अधिक जवळचेच असते. दुसरी फेरी डावीकडून घेतली, तर नेमका हा आधार तुटतो. जवळचे टोक भेटताच जागा निघून जाते आणि उत्तर लहान येते: वरच्या ओळीत जागा ० वरचा ७ च सगळा स्टॅक रिकामा करतो आणि ६ ऐवजी रुंदी ० हाती लागते.

दोन्ही फेऱ्यांत मिळून प्रत्येक जागा फार तर दोनदा पाहिली जाते, स्टॅकवर फार तर एकदा चढते आणि एकदाच उतरते. त्यामुळे लाख संख्यांसाठीही काम काही लाख पायऱ्यांत आटोपते. त्याची किंमत म्हणजे स्टॅकला लागणारी स्मृती. ओळ सतत उतरतीच असेल, तर सगळ्याच जागा त्यात जाऊन बसतात.