पोर्टातला थेंब

जुलैतली रात्र, सव्वानऊ. दादरहून डोंबिवलीपर्यंत उभ्याने येताना फोन रेनकोटच्या खिशात होता आणि तो खिसा नावालाच वॉटरप्रूफ निघाला. घरी आल्यावर फोन पुसला, चार्जरला लावला, तर कर्कश आवाज झाला आणि पडद्यावर पाण्याच्या थेंबाचं चित्र आलं. चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा सापडला आहे, केबल काढा. बॅटरी 14 टक्के. सकाळचा गजर त्याच फोनवर, ट्रेनचा पासही त्यातच. अशा वेळी हात आपोआप हेअर ड्रायरकडे नाहीतर तांदळाच्या डब्याकडे जातो. माझाही गेला होता.

फोनात पाणी शिरलं, आता तो गेला, असा या इशाऱ्याचा अर्थ बहुतेक जण लावतात. इशारा तेवढं म्हणतच नाही. त्याला फक्त खालच्या छोट्याशा खाचेशी मतलब असतो. ‘आयपी 68’ वगैरे शिक्का असलेल्या फोनांतही ही खाच उघडीच असते. सील असतं ते तिच्या मागे, म्हणजे खाचेतून पुढे फोनच्या पोटात पाणी जाऊ नये म्हणून. फोन पाण्यात पडूनही चालतो आणि तरी चार्ज होत नाही, यात काही विसंगती नाही.

आता त्या खाचेत डोकावू. टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते. तिच्या वरच्या बाजूला 12 आणि खालच्या बाजूला 12 अशा 24 धातूच्या पट्ट्या असतात आणि शेजारच्या पट्ट्यांत अर्धा मिलिमीटर अंतर असतं. यातल्या चार पट्ट्यांतून चार्जरची वीज आत येते, चार पट्ट्यांवरून परत जाते, बाकीच्या निरोप्याचं काम करतात. बऱ्याच फोनांत चार्जिंगच्या वेळी रिकाम्याच राहणाऱ्या पट्ट्यांवर फोन मधूनमधून अगदी क्षीण वीज सोडून बघतो. कोरड्या पोर्टात ती कुठेच जात नाही. केबल किंवा उपकरण लावलं तर ठरावीक, ओळखीचा रोध दिसतो. पाणी असलं तर मात्र वीज थोडीशी झिरपते आणि तिचा आकडा ओळखीच्या कुठल्याच खान्यात बसत नाही. फोनच्या दृष्टीने हाच ‘ओलावा’. तो पाणी बघत नाही, गळती मोजतो. हे ध्यानात ठेवलं की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

उदाहरणार्थ, फोन भिजलाच नाही तरी इशारा का येतो? पोर्टात साचलेली खिशातली लव दमट हवेत ओलसर होते आणि गळती सुरू होते. घामातलं मीठ पट्ट्यांवर वाळलेलं असतं, ते रात्रीच्या दमट हवेतून पाणी ओढून घेतं. शिवाय एक वाट अशी की ती आपल्या लक्षातच येत नाही. एसी गाडीतून किंवा ऑफिसातून पावसाळी हवेत बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते. गार पडलेल्या फोनवरही तेच होतं, फक्त पोर्टाच्या आत ते दिसत नाही. आणि पुष्कळदा ओला फोन नसतोच, केबलचं टोक ओलं असतं.

मग फोन एवढा हट्ट का करतो? थेंबभर पाण्याने काय होणार? नुसत्या थेंबाने खरंच फारसं काही होत नाही. शाळेत केलेला विद्युत अपघटनाचा प्रयोग आठवा. क्षार असलेल्या पाण्यात दोन तारा बुडवून बॅटरी जोडली की धन टोकाकडचा धातू झिजू लागतो. पोर्टात चार्जर लावला की 5 व्होल्ट येतात, फास्ट चार्जिंगमध्ये 9 किंवा त्याहून जास्त. अंतर अर्धा मिलिमीटर आणि मधे पावसाचं, घामाचं किंवा समुद्राचं पाणी. वर्गात जो प्रयोग हौसेने करायचा, तो इथे आपल्याच खर्चाने चालू होतो. सोन्याचा मुलामा पातळ असतो, तो उडाला की खालचा तांब्याचा भाग हिरवा-काळा पडतो.

माझ्या आत्तेभावाने ते केलं होतं. गुहागरच्या किनाऱ्यावर फोन लाटेत पडला, त्याने झटकून पुसला. संध्याकाळी इशारा आला तेव्हा पडद्यावर दुर्लक्ष करून पुढे जायचा पर्याय होता, तो त्याने दाबला. आयफोनात या बटणाला Emergency Override म्हणतात. फोन रात्रभर चार्ज झाला. पुढचे दोन दिवसही. तिसऱ्या दिवशी केबल विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज होऊ लागला आणि आठवड्याने तेही बंद. दुरुस्तीवाल्याने भिंगाखाली पोर्ट दाखवला तेव्हा जिभेवरच्या बाकीच्या पट्ट्या पिवळ्याधमक होत्या आणि वीज आत आणणाऱ्या पट्ट्या काळ्या पडून कडेला खाल्लेल्या होत्या. ‘दादा, हे पाण्याने नाही खाल्लेलं,’ तो म्हणाला, ‘चार्जरने खाल्लंय. पाण्याने फक्त ताट वाढलं.’ याहून नेमकं मी कुठे ऐकलेलं नाही.

म्हणून पहिलं काम वाळवण्याचं नाही, वीज तोडण्याचं. आधी भिंतीवरचं बटण बंद करायचं, मग केबल फोनमधून काढायची, मग चार्जरमधून. हेडफोन, पेनड्राइव्ह जे काही त्या पोर्टात असेल तेही काढायचं. चार्जरकडचं टोक जुन्या पद्धतीचं, चपटं असलेल्या केबलबद्दल जास्त जपायला हवं. चार्जर चालू असेपर्यंत तिच्या फोनकडच्या टोकावर 5 व्होल्ट सतत उभे असतात, फोन लावलेला असो वा नसो. असं टोक ओलं राहिलं तर एकटंच झिजत बसतं. तुमच्या केबलच्या टोकाशी एखादी पट्टी काळी दिसत असेल तर ती बहुधा अशीच गेलेली असते.

मग फोनचं तोंड खाली करून, म्हणजे पोर्ट जमिनीकडे धरून, तळहातावर हलकेच आपटायचा. एक-दोन थेंब बाहेर येतात. त्यानंतर तो पंख्यासमोर पोर्ट वाऱ्याकडे करून ठेवायचा आणि किमान अर्धा तास हात लावायचा नाही. अॅपलची आणि इतर कंपन्यांची सूचनाही साधारण हीच आहे. अर्ध्या तासाने कोरड्या केबलने एकदा बघायचं. पुन्हा इशारा आला तर आत, अरुंद फटींत पाणी धरून बसलेलं आहे, तिथून ते सावकाशच निघतं. पूर्ण वाळायला चोवीस तासही लागू शकतात. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये हवाच इतकी भिजलेली असते की उघड्यावर काही वाळतच नाही, दोरीवरचे कपडे साक्षीला आहेत. अशा वेळी फोन एसीच्या खोलीत पंख्याखाली ठेवणं सगळ्यात चांगलं, कारण एसी हवेतलं पाणी काढतो. तिथून आणल्यावर फोन खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मगच लावायचा, नाहीतर वर सांगितलेली वाफ धरायचीच.

आता तांदूळ. तांदूळ फोनातलं पाणी ‘ओढून घेतो’ ही समजूत फार घट्ट रुजलेली आहे. प्रत्यक्षात डब्यात हवा खेळतच नाही, त्यामुळे वाळायला उलट उशीर होतो. त्यातून तांदळाची पूड आणि कणी पोर्टात जाऊन ओल्या जागी चिकटते. अॅपलने आपल्या सूचनांमध्ये फोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हेअर ड्रायर सीलचा गोंद मऊ करतो. दाबाची हवा पाणी बाहेर काढण्याऐवजी सीलकडे ढकलते. तोंडाने फुंकर मारणं सगळ्यात निरागस वाटतं, पण आपला श्वास दमट असतो, काचेवर हुंकारून बघा. कापूस, टिश्यू पेपर, काडी यांचे धागे आत अडकतात आणि पुढच्या वेळी तेच पाणी धरून ठेवतात.

पाणी साधं नसेल तर गणित थोडं बदलतं. समुद्राचं पाणी, शहाळं, चहा, सरबत हे वाळतं, पण मीठ आणि साखर मागे राहते आणि दर दमट रात्री थेंबाचं चित्र परत येतं. फोन जलरोधक असेल, काच कुठे तडकलेली नसेल आणि तो आधी कधी उघडलेला नसेल, तर बंद करून खालचा भाग स्वच्छ गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुऊन मग वाळवावा. हे ऐकायला उफराटं वाटेल, पण मीठ फक्त पाण्यानेच जातं. यातली एखादीही अट पुरी होत नसेल तर धुवायचं धाडस करू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पोर्ट साफ करून देतो.

दरम्यान फोन तर चालू हवा. वायरलेस चार्जिंगची सोय असेल तर मागची बाजू कोरडी पुसून त्यावर ठेवा, त्याला पोर्ट लागतच नाही. नसेल तर बॅटरी वाचवायची. मी गजर आईच्या फोनवर लावला आणि माझा बंद करून पंख्यासमोर ठेवला. सव्वानऊला झटकला होता. पावणेदहाला एकदा लावून बघितला, थेंब परत. पहाटे साडेपाचला लावला तेव्हा मुकाट्याने चार्ज होऊ लागला.

दोन दिवस कोरडा ठेवूनही इशारा जात नसेल तेव्हा तपास करायचा. आधी दुसरी केबल. मग टॉर्चच्या उजेडात पोर्टात बघायचं, तळाशी करड्या रंगाचा लवेचा थर दिसतो का. मग फोन रीस्टार्ट. सॅमसंगच्या फोनात सेटिंग्जमधल्या अॅप्सच्या यादीत सिस्टिम अॅप्स दाखवायला सांगून USBSettings उघडता येतं आणि त्याचा कॅशे पुसता येतो, कधीकधी जुना इशारा तिथेच अडकून राहिलेला असतो. काही फोन बंद केल्यावर तक्रार न करता चार्ज होतात, कारण तपासणारं सॉफ्टवेअर झोपलेलं असतं. पोर्ट ओला असताना ही पळवाट वापरणं म्हणजे आत्तेभावाचीच चूक दुसऱ्या दाराने करणं. यातलं काहीच लागू पडलं नाही तर पट्ट्या गंजल्या आहेत असं समजून पोर्ट बदलायचा. पुष्कळ फोनांत तो वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, मुख्य बोर्डाला हात लावावा लागत नाही.

स्वस्त फोनांत हा इशारा बहुतेक वेळा नसतोच. ते ओल्या पोर्टातही निमूट चार्ज होतात आणि निमूट झिजतात. तुमचा फोन तसा असेल तर भिजून आल्यावर तो चार्जरला लावण्याआधी झटकून अर्धा तास पंख्यासमोर ठेवा, आणि केबलचं टोकही पुसून घ्या.