विंडोज बंद पडलं, फोटो शाबूत

लॅपटॉप विंडोजपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे फोटो गेले असं नाही. बऱ्याचदा बिघडलेली असते ती फक्त विंडोज. डिस्कवरच्या फाइली जागच्या जागी असतात.

दुसऱ्या संगणकावर रुफस वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट चढवा. बंद लॅपटॉपला तो लावून सुरू करताना F12 दाबा (काही कंपन्यांत कळ वेगळी असते) आणि पेनड्राइव्ह निवडा. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं. डेस्कटॉपवरच्या Install Linux Mint ला मात्र हात लावू नका. त्यातून डिस्क पुसली जाऊ शकते. फाइल मॅनेजरमध्ये जुनी डिस्क उघडून Users मधलं आपलं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा.

डिस्क पासवर्ड मागत असेल तर ती बिटलॉकरने कुलूपबंद आहे. ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. डिस्क टकटक वाजत असेल तर लगेच बंद करून जाणकाराकडे न्या.