बालछड, बादरंजबोया आणि झोपेची गोळी

अत्ताराच्या दुकानात ‘जीव घाबरतो, रात्री डोळा लागत नाही’ असे सांगत गिऱ्हाईक आले की दोन पुड्या बहुधा खाली उतरतात. एक बालछड, म्हणजे जटामांसी. युनानी हकीम तिला सुंबुल-उत-तीब म्हणतात. दुसरी बादरंजबोया. इब्न सिनाने (मृत्यू १०३७) हिला मन प्रसन्न करणाऱ्या, काळजाला बळ देणाऱ्या औषधांत गणले. वैद्यांकडे जटामांसीचा लौकिकही तितकाच जुना आहे.

माल ओळखणे हे पहिले काम. जटामांसी हिमालयात उंचावर होते. तिच्या मुळावर तांबूस केसांसारखे दाट तंतू असतात आणि वास उग्र असतो. तगराची किंवा भूतकेशीची मुळे तिच्यात मिसळलेली आढळतात. खऱ्या बादरंजबोयाचे पान चुरडले तर लिंबाचा वास येतो. आपल्या बाजारात या नावाखाली पुष्कळदा दुसरीच वनस्पती मिळते. शिवाय जुन्या पानाचा वास उडून गेलेला असतो. जटामांसीचे चूर्ण दिवसाला दोन ते तीन ग्रॅम घेण्याचा प्रघात आहे. तिचा गुण बराचसा सुगंधी तेलात असल्याने ती फार उकळू नये.

दोन्ही औषधे सौम्य आहेत, आणि गफलत होते ती त्यामुळेच. समजा, भिवंडीतला एक यंत्रमाग कारागीर डॉक्टरांच्या सांगण्यावरून रात्री अल्प्राझोलामची गोळी घेतो. गोळीने पुरेसा आराम पडत नाही म्हणून तो झोपताना जटामांसीही सुरू करतो. दोन्हींचा परिणाम मेंदू शांत करण्याचाच असल्याने त्यांची बेरीज होऊ शकते. सकाळी डोके जड, जीभ जडावलेली, चालताना तोल जातो आणि धोटा बदलताना हात चुकतो. तो ‘रात्री झोप कमी झाली’ असे समजून रात्री चूर्ण वाढवतो. सकाळची ही सुस्ती हीच धोक्याची खूण आहे. अशा दिवशी मागावर उभे राहू नये, गाडीही चालवू नये. चूर्ण थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

याच्या उलट चूक अधिक घातक असते. चूर्णाने बरे वाटले म्हणून कित्येक महिन्यांची गोळी कोणी एकदम बंद करतो. त्याने झोप पार उडते, हातपाय थरथरतात, प्रसंगी झटकाही येतो. गोळी कमी करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

म्हणून अत्तार बांधवांना आमचे सांगणे असे की, पुडी बांधण्यापूर्वी झोपेची, फिटची किंवा सर्दीची गोळी चालू आहे काय, हे विचारावे. सर्दीच्या काही गोळ्याही गुंगी आणतात, हे गिऱ्हाइकाच्या ध्यानात नसते. थायरॉईडची गोळी घेणाऱ्याला बादरंजबोया डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, आणि ऑपरेशन ठरले असेल तर दोन आठवडे आधी दोन्ही बंद करावीत. गिऱ्हाइकाला गोळीचे नाव ठाऊक नसेल तर त्याला पाकीट घेऊन यायला सांगावे. पुडी उद्या बांधली तरी चालेल.