पाच मिनिटांचा श्राव्य भाग : संहिता आणि टिपण

दसरा-दिवाळीच्या सुमारास गेवराई तालुक्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधल्या काळात मुलांच्या शाळेचे काय, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. अशा पालकांना मोबाइलवर ऐकता येईल असा पाच मिनिटांचा पॉडकास्ट भाग लिहिण्याचे काम एखाद्या माध्यम प्रशिक्षणार्थीकडे आले, तर त्याने ते कसे करावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

पाच मिनिटांत एकच गोष्ट नीट सांगता येते. येथे ती अशी : मूल सोबत नेल्यास, जुन्या शाळेचा दाखला हाती नसला तरी, त्याला तेथील शाळेत बसविता येते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम ५ मध्ये ही तरतूद आहे.

डोळ्यांची भाषा, कानांची भाषा

प्रशिक्षणार्थीच्या पहिल्या मसुद्यात बहुधा असे वाक्य येते : ‘दाखला सादर करण्यास झालेला विलंब हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.’ कागदावर हे वाक्य निर्दोष आहे. परंतु ऐकणाऱ्याला मागे वळून ते पुन्हा वाचता येत नाही. सामानाची बांधाबांध करीत ऐकणाऱ्याच्या कानी ‘दाखला’, ‘विलंब’ आणि ‘प्रवेश नाकारणे’ एवढेच शब्द राहिले, तर तो नेमका उलटा अर्थ घेईल आणि मूल शाळेबाहेर राहील.

तेच वाक्य कानासाठी असे लिहावे : ‘मुलाला घेऊन तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. दाखला अजून मिळाला नसेल, तरी जा. दाखला मागाहून आला तरी चालतो. तसा कायदाच आहे.’ येथे करावयाची गोष्ट आधी आली, अडचण नंतर आली आणि प्रत्येक वाक्यात एकच विधान राहिले. ‘सदर’, ‘उपरोक्त’ असे शब्द आणि कंसातील मजकूर संहितेतून काढून टाकावेत, कारण कंस ऐकू येत नाही.

वेळेचा हिशेब

पाच मिनिटे म्हणजे ३०० सेकंद. आरंभ व शेवटच्या संगीताला २०, मुख्याध्यापकांच्या ध्वनिमुद्रित निवेदनाला ६० आणि विरामांना २० सेकंद दिल्यास निवेदकाला २०० सेकंद उरतात. संथ वाचनात मिनिटाला साधारणतः ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे संहिता सुमारे पावणेचारशे शब्दांची हवी. ती अधिक झाली, तर वाचनाचा वेग वाढवू नये, मजकूर कमी करावा.

संहितेच्या डाव्या बाजूस वेळ व ध्वनी आणि उजव्या बाजूस बोलावयाचे शब्द लिहावेत. मुख्याध्यापकांच्या निवेदनाचे पहिले व शेवटचे शब्द नोंदवावेत, म्हणजे जोडणी करणाऱ्यास ते कोठे कापावयाचे हे कळते. कोण बोलणार आहे, हे निवेदकाने आवाज येण्यापूर्वीच सांगावे.

संहितेची परीक्षा सोपी आहे. मोठ्याने वाचताना जेथे श्वास अपुरा पडतो, तेथे वाक्य तोडावे. त्यानंतर मजकूर पूर्वी न पाहिलेल्या एखाद्या पालकास तो एकदाच ऐकवावा आणि ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. ‘आधी दाखला आणीन’ असे उत्तर आले, तर दोष ऐकणाऱ्याचा नसून संहितेचा आहे.

टिपणात काय असावे

भागासोबत जे लेखी टिपण जाते, त्यास शो नोट्स म्हणतात. प्रथम दोन ओळींत विषय सांगावा. मग कोणत्या मिनिटाला काय आहे, हे द्यावे : ०:१० दाखल्याविना प्रवेश, १:४० मुख्याध्यापकांचे निवेदन, २:४५ गावीच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह. जे कानाला पेलत नाही, ते येथे यावे : अधिनियमाचे पूर्ण नाव, कलम, ६ ते १४ ही वयोमर्यादा, आणि ही तरतूद शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांना उद्देशून आहे हा खुलासा. ध्वनिमुद्रणाची तारीखही द्यावी, कारण वसतिगृहांची व्यवस्था दरवर्षी त्या त्या गावी विचारूनच कळते.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. ध्वनिफीत व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जाते तेव्हा टिपण पुष्कळदा मागेच राहते. म्हणून ‘निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटा’ ही सूचना आवाजातच हवी. तसेच काही कुटुंबे कर्नाटकात जातात. कायदा तेथेही लागू असला, तरी शाळेची भाषा बहुधा निराळी असते. अशा वेळी मूल गावीच ठेवण्याची सोय आहे काय, हे आधी विचारावे, असे निवेदकाने स्पष्ट सांगितले पाहिजे. टिपण हे संहितेला पूरक असते. कुटुंबाचा निर्णय ज्यावर अवलंबून आहे, ते वाक्य टिपणावर सोडून चालत नाही.