मोबाइलमधल्या कच्च्या नोंदींचा नगर परिषदेसाठी एकपानी अहवाल कसा करायचा?

रविवारी वस्तीची सफाई होते, कोणीतरी मोबाइलमध्ये चार ओळी टिपतं आणि त्या ग्रुपवर टाकतं. ग्रुपवर सगळ्यांना त्या कळतात, पण कार्यालयातल्या माणसाला त्यावरून काहीच करता येत नाही. कुठे जायचं, काय उचलायचं, हेच त्यात नसतं. अशा नोंदींचा अहवाल कसा करायचा, ते कर्जतच्या एका नमुन्यावरून पाहूया. नमुना आपण समजण्यासाठी तयार केला आहे.

कच्च्या नोंदी

- रवि. सकाळी ७. १२ जण, नंतर अजून ४
- नदीच्या पायऱ्यांजवळ खूप कचरा
- ११ गोण्या प्लास्टिक, ३ गोण्या काच
- राडारोडा तसाच. बहुतेक नव्या बिल्डिंगवाल्यांचा
- गटाराला झाकण नाही!! मुलं खेळतात तिथे
- गोण्या अजून तिथेच, गाडी आली नाही

आधी वर्गवारी

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा : हे झालेलं काम आहे, उरलेलं आहे, की आपला अंदाज आहे? माणसं आणि गोण्या हे झालेलं काम. राडारोडा, झाकण आणि पडून राहिलेल्या गोण्या ही उरलेली कामं. ‘बहुतेक नव्या बिल्डिंगवाल्यांचा’ हा अंदाज आहे. टाकताना कोणी पाहिलेलं नसेल, तर तो अहवालात लिहू नका. नाहीतर वाद कोणी टाकलं यावर सुरू होतो आणि ढीग तिथेच राहतो. त्याऐवजी पाहणीची मागणी करा.

मग रिकाम्या जागा भरा. ‘रवि.’ म्हणजे कोणती तारीख? ‘खूप’ म्हणजे किती? राडारोडा गोण्यांत मोजता येत नाही, म्हणून परत जाऊन टेपने लांबी, रुंदी आणि उंची घ्या. त्यावरून कोणतं वाहन पाठवायचं ते ठरतं. गोण्यांचं वजन केलेलं नसेल, तर किलोचा आकडा टाकू नका. ‘१४ गोण्या’ एवढं पुरेसं आहे, कारण त्या जाऊन मोजता येतात.

पत्ता नीट लिहा

मुंबईत वॉर्ड ऑफिस असतं, कारण तिथे महानगरपालिका आहे. कर्जतला नगर परिषद आहे, म्हणून अहवाल मुख्याधिकाऱ्यांच्या नावे जातो. प्रभाग क्रमांक मजकुरात येतो. ‘जि. रायगड’ विसरू नका. अहिल्यानगर जिल्ह्यातही कर्जत आहे, त्यामुळे ऑनलाइन तक्रार करतानाही आधी जिल्हा तपासा.

तयार अहवाल

दि. १९ मे २०२५
प्रति,
मा. मुख्याधिकारी, कर्जत नगर परिषद, कर्जत, जि. रायगड
विषय : उल्हास नदीच्या पायऱ्यांजवळील गोण्या व राडारोडा उचलणे आणि गटारावर झाकण बसवणे

महोदय,
प्रभाग क्र. __ मधील वरील ठिकाणी पुढील तीन कामे व्हावीत, ही विनंती.
१) भरून ठेवलेल्या १४ गोण्या (प्लास्टिक ११, काच ३) उचलणे.
२) सुमारे ३ मी. लांब, २ मी. रुंद, अर्धा मीटर उंच राडारोडा हलवणे व तो कुठून येतो याची पाहणी करणे.
३) पायऱ्यांलगतच्या उघड्या गटारावर झाकण बसवणे. येथे लहान मुले खेळतात. पावसात पाणी साचल्यावर गटार दिसणार नाही. हे काम तातडीचे आहे.
रविवार, दि. १८ मे २०२५ रोजी सकाळी ७ पासून १६ रहिवाशांनी येथे स्वच्छता केली. सोबत तीन फोटो जोडले आहेत.
(नाव, सही, फोन)

मागणी वर आली आणि आपण केलेलं काम खाली गेलं, हे लक्षात आलं का? वाचणाऱ्याला आधी काय करायचं ते कळायला हवं. पहिल्या दोन ओळी वाचून ते कळत नसेल, तर अहवाल पुन्हा लिहा.

फोटोंची गंमत

कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल, तर फोटोच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ साठवली जाते. पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते. ग्रुपवरून उतरवलेल्या फोटोत दिसते ती बहुधा डाउनलोडची वेळ. म्हणून ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल घ्या किंवा `Document` म्हणून मागवा. छापील प्रतीत तर हे काहीच दिसत नाही, तेव्हा प्रत्येक फोटोखाली जागा आणि तारीख हाताने लिहा.

शेवटचं काम

दोन प्रती काढा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही तुमची पोच. पुढे चौकशी करताना ‘आम्ही दिलं होतं’ म्हणण्यापेक्षा हा क्रमांक सांगितला की कागद सापडतो. अहवालामुळे झाकण दुसऱ्या दिवशी बसेल असं नाही. पण नेमकं कोणतं काम कोणत्या तारखेला मागितलं, हे मात्र नोंदलेलं राहतं.